तुळशीच्या लग्नानंतर लेन्स कुणाला मिळते?

तुळशीचं लग्न लागलं की कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानांचे फोन वाजायला लागतात. लग्नाचे मुहूर्त ठरावीक असतात, त्यामुळे एकाच तारखेला शहरातल्या बहुतेक फोटोग्राफरांना तीच लेन्स हवी असते: ७०-२०० मिलिमीटरची झूम. मांडवात मागे उभं राहून अंतरपाट दूर होतानाचे चेहरे जवळून टिपायचे, तर ती हाताशी लागतेच. चांगल्या कंपनीची नवी घ्यायला गेलं तर दीड-दोन लाख मोडतात. म्हणून लोक ती दिवसाच्या भाड्याने नेतात.

वहीत नोंदी करून वर्षानुवर्षं चाललेला हा व्यवहार आता वेबसाइटवर आला आहे. ग्राहक तारीख निवडतो, भाडं आणि डिपॉझिट भरतो, सकाळी येऊन बॅग घेऊन जातो. वरवर पाहता हे हॉटेलच्या बुकिंगसारखं वाटतं. पण हॉटेलची खोली जागेवर राहते आणि लेन्स परक्याच्या बॅगेतून निघून जाते. साइटची खरी परीक्षा तिथेच होते.

आधी कॅलेंडर. समजा, दुकानात या लेन्सचे दोन नग आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. पहिल्या ग्राहकाने २ आणि ३ डिसेंबरसाठी बुकिंग केलं, साइटने त्याला ‘अ’ दिली. दुसऱ्याने ४ आणि ५ तारीख घेतली, त्याला ‘ब’ मिळाली. आता तिसऱ्याला ३ आणि ४ डिसेंबर हवी आहे. ३ तारखेला ‘अ’ बाहेर, ४ तारखेला ‘ब’ बाहेर. साइट सांगते, ‘उपलब्ध नाही’. प्रत्यक्षात त्या चारही दिवसांत रोज एकच लेन्स बाहेर आहे. दुसऱ्या ग्राहकाला ‘अ’ दिली असती, तर ‘ब’ चारही दिवस मोकळी राहिली असती. लेन्स कपाटात, ग्राहक दुसऱ्या दुकानात, आणि मालकाला याचा पत्ताही लागत नाही, कारण परत गेलेला ग्राहक कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

यावरचा इलाज असा की, बुकिंग घेताना नग ठरवायचाच नाही. त्या मॉडेलचे एकूण नग किती आणि त्या वेळी बाहेर किती असतील, एवढंच साइटने मोजायचं. कोणत्या सिरीयल नंबरची लेन्स कुणाला द्यायची, ते आदल्या संध्याकाळी ठरवता येतं. अर्थात, ३ तारखेला परत आलेली ‘अ’ ४ तारखेला पहाटे पुन्हा निघणार असेल, तर मध्ये तपासणीला वेळ हवा. म्हणून चांगलं कॅलेंडर नुसते दिवस मोजत नाही, तास मोजतं, आणि प्रत्येक परतीनंतर दोन-तीन तास स्वतःहून राखून ठेवतं. तेवढ्या वेळात लेन्स पुसायची असते, बॅटऱ्या चार्ज करायच्या असतात, मेमरी कार्ड रिकामं करायचं असतं.

दुसरी अडचण पैसे भरतानाची. शेवटची लेन्स दोघांनी एकाच मिनिटाला निवडली, तर? पहिल्याचं पेमेंट पूर्ण होईपर्यंत साइटने ती दहा-पंधरा मिनिटं त्याच्या नावावर धरून ठेवायला हवी. ‘मोकळी आहे का’ हे बघणं आणि ‘आता घेतली’ असं नोंदवणं, ही दोन्ही कामं डेटाबेसमध्ये एकाच दमात झाली पाहिजेत; मध्ये क्षणभराची फट राहिली तरी दोघांना बुकिंग मिळतं. आणि बँकेचा निरोप उशिरा आला, तोवर मुदत संपून लेन्स दुसऱ्याकडे गेली असेल, तर पहिल्याचे पैसे न मागता परत गेले पाहिजेत.

डिपॉझिटचा पेच वेगळा आहे. दोन लाखांच्या लेन्सला दोन लाखांचं डिपॉझिट मागितलं, तर तेवढी रक्कम अडकवू शकणारा माणूस ती भाड्याने कशाला घेईल? म्हणून दुकानं डिपॉझिट किमतीच्या एका हिश्शाएवढं ठेवतात आणि उरलेला धोका ओळखपत्र, पत्त्याची खातरजमा आणि जुन्या व्यवहारांवर तोलतात. बिलात मात्र भाडं आणि डिपॉझिट एकाच आकड्यात मिसळू नये. परत द्यायचं डिपॉझिट जीएसटी कायद्यानुसार मोबदला धरलं जात नाही. दुकानाने ते मोबदल्यात वळतं केलं, तरच ते मोबदला ठरतं. क्रेडिट कार्डावर रक्कम न कापता नुसती अडवून ठेवण्याची सोयही असते. पण ती अडवणूक काही दिवसांत आपोआप सुटते. दोन दिवसांच्या लग्नाला ती चालते, महिनाभराच्या चित्रीकरणाला नाही.

खरा वाद नुकसानीवरून होतो, आणि इथे १८७२चा भारतीय करार कायदा कामाला येतो. सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःची तशीच वस्तू जेवढ्या काळजीने सांभाळेल, तेवढ्या काळजीने दुसऱ्याची ताब्यात घेतलेली वस्तू सांभाळावी, असं त्याचं कलम १५१ सांगतं. कलम १५२ पुढे म्हणतं की, वेगळा करार नसेल आणि माणसाने तेवढी काळजी घेतली असेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर नाही. म्हणजे ‘मी नीट धरली होती, गर्दीत धक्का लागला’ असं ग्राहक म्हणाला आणि लेखी अटीच नसतील, तर दुकानाची बाजू लंगडी पडते. नुकसानीच्या अटी बुकिंगच्या वेळीच दाखवून त्यावर संमती घ्यायची ती यासाठी. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे ग्राहकाचं नुकसान झालं, तर तो दोष ठाऊक असो-नसो, कलम १५० दुकानाला जबाबदार धरतं.

म्हणून देताना आणि घेताना, दोन्ही वेळी तपासणी दोघांच्या देखत व्हावी. लेन्सच्या पुढच्या-मागच्या काचेचे, फिल्टर बसतो त्या कडेचे आणि सिरीयल नंबरचे फोटो काढून ते बुकिंगला जोडावेत. पडलेली लेन्स बाहेरून धड दिसू शकते. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवायचं, कॅमेरा त्याच्या अगदी समोर धरायचा आणि फोटो काढायचा. एका बाजूची अक्षरं स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूची पुसट आली, तर आतली काच हललेली असण्याची शक्यता मोठी. कॅमेऱ्याच्या बॉडीत सेन्सर बघायचा. संगीताच्या कार्यक्रमातला लेझर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर जळतो, आणि मग प्रत्येक फोटोत ठरलेल्या जागी रंगीत ठिपका किंवा आडवी-उभी रेघ उमटते. गणपतीच्या मिरवणुकीतून आलेल्या बॉडीत गुलाल झूमच्या कड्याखाली आणि बटणांच्या फटीत शिरलेला असतो. ही साफसफाई वापरातली झीज की नुकसान, हे अटींमध्ये नाव घेऊन लिहिलेलं असलं, तर काउंटरवर आवाज चढत नाही.

आता हिशेब. समजा, डिपॉझिट २०,००० रुपये आहे. लेन्स पडली, सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीचा खर्च १८,००० सांगितला आणि ती चार दिवस तिथे राहिली. रोजचं भाडं १,५०० धरलं तर बुडालेलं भाडं ६,०००. एकूण २४,०००, म्हणजे डिपॉझिटपेक्षा ४,००० जास्त. बुडालेलं भाडं लावणार का, लावलं तर जास्तीत जास्त किती दिवसांचं, आणि वरची रक्कम ग्राहकाने किती दिवसांत भरायची, हे आधी लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. दुकानानेही त्या चार दिवसांत त्या नगावर खरोखर मागणी होती हे कॅलेंडरवरून दाखवावं. दुसरी लेन्स कपाटात पडून असताना बुडालेलं भाडं मागणं रास्त नाही.

‘ओरखडा दिसला तरी पूर्ण डिपॉझिट जप्त’ अशी अट काही दुकानं घालतात. करार कायद्याचं कलम ७४ तिला जसंच्या तसं उभं राहू देत नाही. करारात आकडा कितीही मोठा लिहिला, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि त्या आकड्याच्या आतच. त्यामुळे कापलेल्या प्रत्येक रुपयासोबत सर्व्हिस सेंटरचं बिल ग्राहकाला गेलं पाहिजे आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी त्याच्या खात्यात परत पडली पाहिजे.