गोळी आठला, डाग दुपारी

डॉक्टरांनी दिलेल्या औषधानेच रक्तातल्या प्लेटलेट दोन-चार तासांत लाखांवरून काही हजारांवर येऊ शकतात, हे ऐकून निम्मे लोक हसतात. उरलेले निम्मे हातातल्या गोळीच्या पाकिटाकडे बघतात. दोघांनीही पुढचं वाचावं.

आधी संशय आला कोयनेलवर

हिवतापावर रामबाण असलेलं कोयनेल, म्हणजे क्विनीन, घेतल्यावर अंगावर जांभळे डाग उठतात, ही नोंद 1865 साली 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेत मजेशीर प्रकार घडला. डाग असलेल्या माणसाने औषध घेतलंच नव्हतं, घेतलं होतं जिन आणि टॉनिक वॉटर! टॉनिक वॉटरचा कडवटपणा क्विनीनचा असतो. डॉक्टरांनी त्या आजाराला 'कॉकटेल परप्युरा' असं नावच देऊन टाकलं. तेव्हा "कुठलं औषध घेता?" एवढं विचारून भागत नाही, "काय पिता?" हेही विचारावं लागतं.

मध्यस्थ उठला की सोयरीक मोडली

लंडनच्या अॅक्रॉइड यांनी 1940च्या दशकात सेडॉरमिड नावाच्या झोपेच्या औषधावर एक साधा प्रयोग केला. रुग्णाच्या रक्तातलं द्रव आणि प्लेटलेट नळीत एकत्र केल्या, काहीच झालं नाही. त्यात औषध टाकलं आणि प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या. म्हणजे शरीराने बनवलेली प्रतिपिंडं एरवी प्लेटलेटला ओळखतही नाहीत. औषध मध्ये बसून दोघांचं जुळवून देतं, तेवढ्यापुरतीच ती चिकटतात आणि प्लीहा त्या प्लेटलेट गिळून टाकते. औषध रक्तातून गेलं की मामला थंड. या आजाराचा सगळा इलाज याच एका गोष्टीवर उभा आहे.

आता पैठणला या

आपल्याकडे अशा औषधांच्या यादीत नाव घ्यावं असं औषध म्हणजे टीबीचं रिफॅम्पिसिन. त्याने प्लेटलेट पडतात, हे 1970 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. त्यात एक खोड आहे: औषध रोज घेतलं तर हा त्रास क्वचितच होतो, पण खंड पाडून घेतलं तर धोका वाढतो.

समजा, पैठणचा एक गृहस्थ आहे, वजन 58 किलो. टीबीच्या रोज चार गोळ्या चालू आहेत. एका गोळीत चार औषधं असतात आणि चार गोळ्यांत मिळून रिफॅम्पिसिन 600 मिलिग्रॅम जातं. सोबत रक्तदाबाची एक गोळी. महिना-दीड महिना सगळं सुरळीत. मग नाथांच्या पालखीबरोबर तो पंढरपूरला निघतो. टीबीच्या गोळ्या घरीच राहतात, कारण खोकला थांबलाय, ताकद आलीय. आषाढी करून परत आल्यावर बायको कान उपटते, तसा तो सकाळी आठला चार गोळ्या घेतो. दहाच्या सुमारास थंडी वाजते. दुपारी नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, हिरड्यांतून रक्त येतं.

इथे दोन चकवे आहेत. पहिला लघवीचा: ती नारिंगी झालेली असते. पण तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे, रक्त नव्हे, आणि तो निरुपद्रवी असतो. दुसरा चकवा डेंगीचा. पावसाळा, ताप आणि प्लेटलेट कमी म्हटलं की गल्लीतलं पोरही डेंगी म्हणेल. तपासणी करावीच, पण घड्याळही बघावं. डेंगीत ताप येऊन काही दिवस गेल्यावर प्लेटलेट उतरतात. तो डास काही आठच्या गोळीची वाट बघत नाही.

ठिपके खरे की पुरळ, हे घरीही बघता येतं. काचेचा पेला त्यावर दाबा. पुरळ फिकं होतं, त्वचेखाली झिरपलेलं रक्त तसंच दिसतं. तोंडात रक्ताचे फोड आले असतील तर मात्र पेल्याच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठा.

चोर कसा धरायचा?

आपल्या गृहस्थाच्या प्लेटलेट निघाल्या 6,000. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. नळीत गुठळ्या होऊन यंत्राने चुकीचा आकडा दिला असेल, म्हणून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. आकडा खरा होता.

प्रतिपिंडं शोधणारी चाचणी जगात आहे, पण ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते, निकालाला वेळ लागतो आणि ती नकारार्थी आली तरी औषध निर्दोष ठरत नाही. तोवर वाट बघत बसलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून टीबीची चारही औषधं त्याच दिवशी बंद केली. रक्तदाबाची गोळी चालू ठेवली. रिफॅम्पिसिन एका दिवसात बहुतेक निघून जातं. तिसऱ्या दिवशी आकडा 40,000 झाला, आठवड्याने दोन लाखांवर गेला. रक्तदाबाची गोळी चालू असताना प्लेटलेट वाढल्या, म्हणजे ती सुटली.

जेम्स जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी 1998 साली अमेरिकेत जे निकष मांडले, ते असेच आहेत. औषध आधी आणि पडझड नंतर. बंद केल्यावर पूर्ण आणि टिकाऊ सुधारणा. बाकीची औषधं निर्दोष. दुसरं कारण नाही. एवढं जमलं की 'बहुधा हेच'. पुन्हा देऊन पुन्हा पडझड झाली तर 'नक्की हेच'. पण ही शेवटची पायरी मुद्दाम चढायची नसते. आपला गृहस्थ मात्र खंड पाडून नकळत तिच्याजवळ गेला होता. मग टीबीची उरलेली तीन औषधं एकेक करून, प्लेटलेट मोजत सुरू करायची आणि रिफॅम्पिसिन पुन्हा कधीच नाही. त्याच्याविना टीबीचा उपचार वर्ष-दीड वर्षापर्यंत लांबू शकतो. महाग सौदा आहे, पण दुसरा नाही.

स्टिरॉइडला फुकटचं श्रेय

अशा वेळी घाईने स्टिरॉइड सुरू होतं, त्याच दिवशी औषधंही थांबतात. प्लेटलेट वाढल्या की श्रेय स्टिरॉइडला आणि शिक्का 'प्रतिकारशक्तीचा जुनाट आजार' असा. गुन्हेगार मोकाट सुटतो आणि पुढच्या वेळी पुन्हा गाठतो. या आजारातला मला सगळ्यात डाचणारा भाग हाच. औषध थांबवलं नाही तर बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही तितक्याच वेगाने संपतात.

हे औषध पुन्हा कुठे भेटेल?

प्रतिपिंडं वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून बंदी आयुष्यभराची. रिफॅम्पिसिन फक्त टीबीत नसतं. कुष्ठरोगाच्या उपचारात ते महिन्यातून एकदा देतात, म्हणजे खंड आलाच. घरात कुष्ठरोगी निघाला तर संपर्कातल्यांनाही त्याची एक मात्रा मिळते. शिवाय कोट्रायमोक्सॅझोल, कार्बामाझेपिन, व्हँकोमायसिन अशी आणखी नावं या यादीत आहेत. त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच औषध घेणाऱ्याला बहुतेक 5 ते 10 दिवसांनी त्रास होतो, आधी घेतलेल्याला काही तासांतही.

टीबीच्या गोळ्या मनाने सोडू नका. सुटल्या तर मनाने सुरूही करू नका, आधी दवाखान्यात सांगा. डाग किंवा रक्त दिसलं तर पुढची मात्रा घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुन्हेगार ठरलेल्या औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नव्हे, कागदावर लिहून पाकिटात ठेवा. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार नोंदवायला 1800-180-3024 हा भारत सरकारचा मोफत क्रमांक आहे, रुग्ण स्वतःही फोन करू शकतो.