देणे नसलेल्या रकमेची वकिली नोटीस : उत्तर कसे द्यावे?

औषधविक्रेत्याशी दीर्घकाळ उधारीचा व्यवहार असलेल्या व्यवसायबंधूंना कधी ना कधी एक जाड पाकीट येते. आत एखाद्या वकिलाच्या छापील शिरोपत्रावर चार पाने मजकूर असतो, ‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून व त्यांच्या वतीने’ अशी सुरुवात असते आणि अखेरीस पंधरा दिवसांत अमुक रक्कम न भरल्यास दिवाणी व फौजदारी कारवाई करण्याचा इशारा असतो. रक्कम खरोखर देणे असेल तर प्रश्न सोपा आहे. आम्ही येथे विचार करीत आहोत तो देणे नसलेल्या, किंवा पूर्वीच फेडलेल्या रकमेच्या मागणीचा.

प्रथम या कागदाचे स्वरूप समजून घ्यावे. वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा आदेश नव्हे. ते एका पक्षाचे म्हणणे आहे, आणि ते म्हणणे वकिलाने बहुधा अशिलाने सांगितले तसे लिहिलेले असते. त्यातील पंधरा दिवसांची मुदतही सामान्यतः वकिलाने स्वतः घातलेली असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. नोटिशीत धनादेश न वटल्याचा उल्लेख आणि परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा हवाला असेल, तर नोटीस मिळाल्यापासूनचे पंधरा दिवस कायद्याने ठरविलेले आहेत. त्या काळात रक्कम न दिल्यास फौजदारी तक्रारीचा मार्ग खुला होतो. पुरवठादाराने ‘सुरक्षेसाठी’ म्हणून घेऊन ठेवलेला सही केलेला कोरा धनादेश पुढे याच कामी येतो. अशी नोटीस असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी वकिलाकडे जावे. आम्ही पुढे लिहीत आहोत ते धनादेशाचा संबंध नसलेल्या, साध्या उधारीच्या मागणीविषयी.

एक प्रकरण उदाहरणादाखल घेऊ. नावगाव वगळले आहे आणि तपशील थोडे बदलले आहेत. तालुक्याच्या गावी चिकित्सालय चालविणाऱ्या एका वैद्यांना १३ जून २०२५ रोजी अशी नोटीस मिळाली. नोटिशीवरील तारीख १० जून होती. घाऊक औषधविक्रेत्याची मागणी अशी : १४ मार्च २०२२ चे बिल १८,६०० रुपये, ३ जून २०२२ चे बिल २२,४०० रुपये आणि २२ ऑगस्ट २०२२ चे बिल १४,७५० रुपये, म्हणजे मुद्दल ५५,७५० रुपये. त्यावर दरसाल १८ टक्के दराने तीन वर्षांचे व्याज ३०,१०५ रुपये आणि नोटिशीचा खर्च ५,००० रुपये. एकूण ९०,८५५ रुपये.

वैद्यांचा पहिला विचार विक्रेत्याला दूरध्वनी करून जाब विचारण्याचा होता. तो त्यांनी आवरला, हे योग्यच झाले. संतापाच्या भरात ‘तुमची काय दोन-पाच हजारांची बाकी असेल ती सांगा, पण नव्वद हजार कसले मागता?’ असे वाक्य सहज तोंडून जाते. ते संदेशरूपाने लिहिले गेले तर पुढे तेच पुरावा म्हणून दाखविले जाते. पाकीट घेण्याचे नाकारणे हाही उपाय नव्हे. टपालावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की नोटीस बजावल्याचेच सामान्यतः मानले जाते, आणि आत काय लिहिले आहे ते मात्र आपल्याला कळत नाही.

त्यांनी पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहिली, पाकीटही जपून ठेवले आणि एका कोऱ्या कागदावर तिन्ही बिलांचा स्वतंत्र हिशेब मांडला. एकूण रकमेकडे पाहत राहिल्यास काहीच उमगत नाही. मागणी नेहमी बिलागणिक तपासावी. पहिल्या बिलाचे १८,६०० रुपये त्यांनी १८ एप्रिल २०२२ रोजी धनादेशाने दिले होते आणि बँकेच्या उताऱ्यात ती नोंद मिळाली. दुसऱ्या बिलातील काही अरिष्टांच्या बाटल्या गळक्या निघाल्याने ९,१५० रुपयांचा माल परत गेला होता. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने सही करून दिलेली परतीची पावती वैद्यांच्या फाइलीत होती. उरलेले १३,२५० रुपये त्यांनी २० जुलै २०२२ रोजी धनादेशाने दिले होते. विक्रेत्याने परत गेलेल्या मालाची क्रेडिट नोट आपल्या खात्यात कधी टाकलीच नसावी, असे दिसते. तिसरे बिल मात्र त्यांनी प्रथमच पाहिले. त्या बिलावरील बॅच क्रमांक त्यांच्या औषधसाठ्याच्या नोंदवहीत कोठेही नव्हते, म्हणजे तो माल त्यांच्याकडे आलाच नव्हता.

व्याजाच्या आकड्याकडेही लक्ष दिले पाहिजे. ५५,७५० रुपयांवर १८ टक्क्यांनी वर्षाला १०,०३५ रुपये होतात आणि नोटिशीत त्याची सरळ तिप्पट केलेली आहे. परंतु तिसरे बिल नोटिशीच्या दिवशी पावणेतीन वर्षांहून थोडेच अधिक जुने होते. शिवाय कोणत्याही बिलावर उधारीची मुदत किंवा व्याजाचा दर छापलेला नव्हता. व्याजाचा करार नसेल तर दर केवळ नोटिशीत लिहिल्याने ठरत नाही. व्याज अधिनियम, १९७८ नुसार अशा उधारीवर न्यायालय व्याज देऊ शकते, ते साधारणतः लेखी नोटिशीद्वारे व्याज मागितल्याच्या तारखेपासून. असा ढोबळ गुणाकार दिसला की मूळ खातेउतारा न पाहताच मागणी तयार झाली असावी, असा तर्क करण्यास जागा असते.

आता मुदतीचा प्रश्न. उधारीची मुदत ठरलेली नसताना विकलेल्या मालाच्या किमतीसाठी माल पोहोचल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, असे मुदत अधिनियम, १९६३ सांगतो. त्या हिशेबाने पहिल्या बिलाची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली होती. दुसऱ्या बिलाची जून २०२५ च्या आरंभी संपली असे वाटते, पण धनादेशाने भागशः रक्कम दिली की त्या तारखेपासून नवी मुदत धरली जाऊ शकते. विक्रेत्याने १३,२५० रुपये हा भागभरणा आहे असे म्हटले तर त्याला २० जुलै २०२५ पर्यंत वाव होता. तिसऱ्या बिलाची मुदत तर २२ ऑगस्टपर्यंत चालू होती. म्हणून ‘मागणी मुदतबाह्य आहे’ हा मुद्दा उत्तरात असावा, पण उत्तराचा कणा मात्र ‘रक्कम देणेच नाही’ हा असावा. केवळ मुदतीवर विसंबणारे उत्तर वाचणाऱ्याला देणे मान्य असल्यासारखे भासते.

आणि येथेच सर्वांत मोठा धोका आहे. मुदत संपण्यापूर्वी आपण सहीनिशी देणे कबूल केले तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. त्याच कागदात पैसे देण्यास नकार दिला असला तरी कबुली ती कबुलीच राहते, हे कलम १८ च्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. मुदत संपून गेल्यानंतरही सहीनिशी लेखी वचन दिले तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक ठरू शकते. ‘सध्या हात आखडता आहे, दिवाळीनंतर पाहू’ असे सौजन्याचे वाक्य तिसऱ्या बिलाच्या बाबतीत किती महाग पडले असते, हे यावरून कळेल. प्रकरण मिटावे म्हणून पाच-दहा हजार रुपये पाठविणेही तसेच घातक.

वैद्यांनी ओळखीच्या वकिलाकडून मसुदा तपासून घेतला आणि २३ जून रोजी उत्तर पाठविले. ते दोन पानांचे होते. त्यातील मुख्य मजकूर पुढे देत आहोत :

‘आपली दि. १० जून २०२५ ची नोटीस मला दि. १३ जून २०२५ रोजी मिळाली. त्यातील जे कथन या उत्तरात स्पष्टपणे मान्य केलेले नाही, ते सर्व मला अमान्य आहे. आपल्या अशिलांस मी कोणतीही रक्कम देणे लागत नाही. दि. १४ मार्च २०२२ च्या बिलाची पूर्ण रक्कम दि. १८ एप्रिल २०२२ रोजी धनादेशाने अदा झाली आहे. दि. ३ जून २०२२ च्या बिलापैकी ९,१५० रुपयांचा माल आपल्या अशिलांनी परत घेतला असून उर्वरित १३,२५० रुपये त्या बिलाच्या पूर्ण फेडीदाखल दि. २० जुलै २०२२ रोजी अदा झाले आहेत. दि. २२ ऑगस्ट २०२२ च्या बिलातील माल मी मागविलेला नाही व मला मिळालेला नाही. आपल्या अशिलांकडे माझ्या सहीचे डिलिव्हरी चलन, वाहतुकीची पावती व संपूर्ण खातेउतारा असल्यास त्यांच्या प्रती पाठवाव्यात. व्याजाचा कोणताही करार नसल्याने व्याजाची व नोटीस खर्चाची मागणी अमान्य आहे. शिवाय मागणी मुदतीच्या कायद्याने बाधित आहे. हे उत्तर माझे सर्व कायदेशीर हक्क राखून देत आहे.’

या मजकुरात विशेषणे नाहीत, हे लक्षात घ्यावे. ‘खोटारडेपणा’, ‘फसवणूक’, ‘पाहून घेईन’ अशा शब्दांनी एक रुपयाही कमी होत नाही, उलट बदनामीची वेगळी नोटीस ओढवून घेतली जाते. ‘पूर्ण फेडीदाखल’ हे दोन शब्द मात्र मुद्दाम घातलेले आहेत. १३,२५० रुपये हा भागभरणा नव्हता, ही भूमिका त्यांनी मांडली जाते. पुरावे किती जोडावे याविषयी वकिलांत मतभेद आढळतात. आमच्या मते बँकेचा उतारा व परतीची पावती यांच्या छायाप्रती जोडाव्यात, कारण खरा घोळ खातेवहीत असेल तर तो त्यांनी सुटतो. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. साठ्याची नोंदवही तर पाठवूच नये, तिच्यात इतर अनेकांचे व्यवहार असतात.

उत्तर विक्रेत्याला नव्हे, तर त्याच्या वकिलाच्या पत्त्यावर पाठवावे. रजिस्टर्ड पोस्टाची जुनी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाल्याने आता पोच मिळेल अशा प्रकारे स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोहोचल्याची छापील नोंद उत्तराच्या प्रतीला जोडून ठेवावी. नोटिशीस उत्तर दिलेच पाहिजे असे सरसकट बंधन नाही. पण गप्प राहिल्यास ‘नोटीस मिळूनही मागणी नाकारली नाही’ असा युक्तिवाद दाव्यात हमखास होतो, म्हणून दोन पानांचे कष्ट घ्यावेत.

जुलैच्या मध्यावर विक्रेत्याच्या वकिलांचे दुसरे पत्र आले. सोबत खातेउतारा होता. त्यात पहिल्या बिलाची रक्कम दुसऱ्याच एका चिकित्सालयाच्या खात्यात जमा झाल्याचे आढळले, असे त्यांनी नमूद केले होते आणि मागणी तिसऱ्या बिलाच्या १४,७५० रुपयांवर आली होती. डिलिव्हरी चलन जोडलेले नव्हतेच. वैद्यांनी तीन ओळींचे उत्तर पाठविले : पूर्वीचे उत्तर कायम आहे, मागितलेले चलन अद्याप मिळालेले नाही, रक्कम अमान्य आहे. वकिलांनी ‘निम्मे देऊन मिटवू’ असा निरोप दूरध्वनीवरून दिला, तेव्हाही त्यांनी ‘जे असेल ते लेखी पाठवावे’ एवढेच सांगितले. त्यानंतर पत्र आले नाही.

विक्रेत्याने दावा लावलाच असता तर न्यायालयाचे समन्स आले असते, आणि ते या नोटिशीसारखे नसते. साध्या दाव्यात समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. बिलांच्या आधारे ‘संक्षिप्त दावा’ लावला असेल तर दहा दिवसांतच न्यायालयात हजेरी नोंदवावी लागते, अन्यथा आपले म्हणणे न ऐकताच हुकूमनामा होऊ शकतो. समन्सवर न्यायालयाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि तारीख असते. तो क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तेव्हा बँकेचा उतारा, परतीची पावती, दोन्ही उत्तरे आणि टपालाच्या पावत्या एकाच फाइलीत असल्यास वकिलाला पहिल्याच भेटीत काम सुरू करता येते. आमच्या वैद्यांनी ती फाइल अद्याप साठ्याच्या नोंदवहीशेजारीच ठेवली आहे, आणि आता प्रत्येक परतीच्या मालाची क्रेडिट नोट हाती आल्याखेरीज ते पुढची मागणी नोंदवीत नाहीत.