एक दिवस उशीर आणि एक श्रेणी कमी

सत्राच्या सुरुवातीला वर्गशिक्षक गुणांच्या नियमांची सूचना देतात. तिच्यातले दोन नियम पालकांना हमखास गोंधळात टाकतात : उशिरा दिलेल्या प्रकल्पाचे गुण कापणे आणि तीन क्विझपैकी सर्वोत्तम एकच धरणे. आठवीच्या वर्गाची नमुन्याची सूचना घेऊ. सत्र परीक्षा ६० गुणांची, प्रकल्प २० आणि क्विझ २०. प्रकल्पाला दर दिवसाच्या उशिरासाठी दहा टक्के कपात. चौथ्या दिवसापासून शून्य. एकूण ८१ ते ९० गुणांना ए-२ श्रेणी, ७१ ते ८० ला बी-१.

एका मुलीला तीन क्विझमध्ये ९, १७ आणि १२ गुण मिळाले. नियमाप्रमाणे १७ धरले जातात. सरासरी काढली असती तर पावणेतेराच्याही आतच अडकली असती. परीक्षेत ४८ आणि प्रकल्पात १६ धरून बेरीज ८१ होते, म्हणजे ए-२. तोच प्रकल्प एक दिवस उशिरा दिला की दोन गुण जातात, बेरीज ७९ वर येते आणि श्रेणी बी-१ होते. क्विझ चांगली गेली म्हणून उशीर भरून निघेल, हा समज इथेच खोटा ठरतो. वाईट गेलेल्या क्विझचे गुण गाळले जातात. प्रकल्पातली कपात मात्र कशानेच गाळली जात नाही.

‘दहा टक्के’ कशाचे, हे सूचनेत लिहिलेले हवे. वर ते प्रकल्पाच्या एकूण २० गुणांचे धरले आहेत. मिळालेल्या १६ गुणांचे धरले, तर दिवसाला १.६ गुण जातील. दोन दिवसांच्या उशिराने पहिल्या रीतीने १२ गुण हाती राहतात, दुसऱ्या रीतीने १२.८. पहिली रीत कमी गुणांच्या मुलांना जास्त लागते, कारण त्यांच्या थोडक्या गुणांतूनही तेवढेच दोन जातात. मधला रविवार उशिरात मोजायचा का, हाही वादाचा मुद्दा असतो.

सर्वोत्तम क्विझचा नियम आजारपणात उपयोगी पडतो. एक क्विझ बुडाली, तिचे शून्य गाळले गेले आणि काम भागले. पण पहिल्याच क्विझमध्ये २० पैकी २० मिळवणाऱ्याला पुढच्या दोन्हींसाठी अभ्यास करण्याचे कारण उरत नाही. शिवाय तिन्ही वेळा १५ मिळवणारा नेमका मुलगा ९, १७, १२ वाल्या मुलीच्या दोन गुण मागे पडतो, आणि हे काही न्यायाचे नाही. म्हणूनच बरेच शिक्षक उत्तम दोन क्विझची सरासरी धरतात. सीबीएसईनेही नियतकालिक चाचण्यांसाठी तिनांतल्या उत्तम दोहोंची सरासरी घेण्याची पद्धत ठेवली होती. तशी घेतली तर त्या मुलीचे क्विझचे गुण साडेचौदा होतात आणि वेळेवर दिलेल्या प्रकल्पासह बेरीज ७८.५ येते.

सूचनेवर सही करण्यापूर्वी पालकांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : कपात कशाच्या टक्क्यांनी होते आणि वैद्यकीय दाखला दिल्यास ती माफ होते का.