कॅमेऱ्याला उलट प्रश्न

मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर धरणाच्या भिंती, ट्रॅक्टर आणि लस टोचून घेणारी मुलं बघितलेली पिढी अजून आपल्यात आहे. चित्रं बदलायची, आवाज मात्र तोच वाटायचा: भारदस्त, शांत आणि सगळं ठाऊक असलेला. १९४८ साली मुंबईत सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे हे माहितीपट दाखवणं चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होतं. शेतकरी पडद्यावर यायचा, ओठही हलवायचा, पण तो काय म्हणतोय हे प्रेक्षकांपर्यंत क्वचितच पोहोचायचं. त्याच्या वतीने स्टुडिओत बसलेला निवेदक बोलायचा.

यामागे सरकारी वृत्ती होतीच, पण एक साधं तांत्रिक कारणही होतं. एकच चित्रफीत देशभर अनेक भाषांत दाखवायची, तर चित्र तेच ठेवून निवेदनाचा ध्वनिपट बदलणं सर्वांत सोपं आणि स्वस्त. पडद्यावरच्या माणसाला स्वतःच्या आवाजात बोलू दिलं, की ही सोय संपते. शिवाय त्या काळी बाहेर चित्रणाच्या जागी आवाज मुद्रित करण्याची यंत्रं अवजड होती. त्यामुळे बरंचसं चित्रण मुकंच व्हायचं आणि मजकूर नंतर लिहिला जायचा.

अमेरिकन अभ्यासक बिल निकोल्स यांनी माहितीपटांचे जे प्रकार सांगितले, त्यांपैकी हा निवेदनप्रधान प्रकार. एक मुद्दा आधी ठरलेला असतो, तो शब्दांतून मांडला जातो आणि चित्र त्या शब्दांना पुरावा म्हणून जोडलं जातं. यात चित्रित झालेल्या माणसाशी दिग्दर्शकाचं नातं उदाहरणापुरतं उरतं. कॅमेऱ्यासमोरचा विणकर हा ‘विणकरां’चा प्रतिनिधी असतो, त्याच्या जागी शेजारचा विणकर उभा केला, तरी वाक्य बदलत नाही. या प्रकाराला नावं ठेवणं आता सोपं झालंय. पण एखादा कायदा कसा झाला किंवा नदी कशी मेली हे तासाभरात समजावायचं असेल, तर निवेदनाला पर्याय सापडणं कठीण. त्याची खरी अडचण वेगळी आहे. पडद्यावरच्या माणसाला त्या आवाजाला ‘नाही, असं नाहीये’ म्हणता येत नाही, कारण आवाज येतो तेव्हा तो माणूस तिथे नसतोच.

१९६०च्या सुमारास खांद्यावर घेता येणारे १६ मिलीमीटरचे कॅमेरे आणि गळ्यात अडकवता येणारं नाग्रा ध्वनिमुद्रक आलं, आणि चित्र व आवाज एकत्र टिपत दोघंजण माणसांमागे हिंडू लागले. अमेरिकेतल्या एका गटाने यातून कडक पथ्य घालून घेतलं: निवेदन नाही, मुलाखत नाही, कुणाला ‘पुन्हा एकदा करा’ म्हणायचं नाही. घडेल ते बघायचं. हा निरीक्षणात्मक माहितीपट. भिंतीवरच्या माशीसारखं गप्प राहायचं, अशी त्याची ख्याती. फ्रेडरिक वाइजमन हे त्यातलं मोठं नाव, आणि त्यांचा १९६७चा ‘टिटिकट फॉलीज’ पाहिला की या गप्प राहण्याची किंमत कळते.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रिजवॉटरमध्ये मनोरुग्ण कैद्यांसाठी एक संस्था होती. वाइजमन स्वतः मायक्रोफोन सांभाळत आणि कॅमेरा जॉन मार्शल यांच्याकडे. पडद्यावर पहारेकरी एका नग्न कैद्याला तोच तो प्रश्न विचारून खिजवतात. दुसऱ्या प्रसंगात जेवण नाकारणाऱ्या माणसाच्या नाकातून नळी घालून त्याला बळजबरीने अन्न देतात. नळी धरणाऱ्या डॉक्टरच्या तोंडात सिगारेट आहे आणि तिची राख आता पडेल की मग, अशी लोंबते आहे. या प्रसंगाच्या मधेमधे त्याच माणसाच्या मृतदेहाची दाढी करून त्याला दफनासाठी तयार करतानाची दृश्यं येतात.

इथेच गप्प दिग्दर्शक बोलतो. ही दोन्ही दृश्यं घडली वेगवेगळ्या वेळी. त्यांना शेजारी आणलं संकलनाने. जिवंत असताना मिळाली नाही ती हळुवार निगा या माणसाला मेल्यावर मिळते आहे, हे वाक्य कुणीही उच्चारत नाही आणि प्रत्येक प्रेक्षक ते ऐकतो. म्हणजे निवेदक गेला तरी निवेदन गेलेलं नाही. ते आता कापाकापीत राहतं आणि म्हणूनच पकडायला अवघड असतं.

दुसरा प्रश्न परवानगीचा. संस्थेच्या अधिकाऱ्यांनी चित्रणाला परवानगी दिली होती. पण कोठडीतल्या ज्या माणसाला आपण कुठे आहोत याचंच भान नाही, त्याच्या होकाराला काय अर्थ? कैद्यांच्या खासगीपणाचा भंग होतो, असं म्हणत राज्य सरकार कोर्टात गेलं आणि सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी चित्रपटावर बंदी आली. पुढे डॉक्टर, वकील, विद्यार्थी अशा लोकांनाच तो बघता येत असे. ती बंदी १९९१मध्ये उठली. सरकारला कैद्यांच्या अब्रूची काळजी होती की स्वतःच्या, हे त्या चित्रपटातल्या कोठड्या पाहून ज्याचं त्याने ठरवावं. पण सरकारचा हेतू कसाही असला, तरी प्रश्न खोटा ठरत नाही. निरीक्षणात्मक प्रकारात चित्रित होणारा माणूस दिग्दर्शकाशी बोलत नाही, हाच नियम. त्यामुळे त्याने नकार दिला असता का, हे चित्रपटात कळायला वाटच नाही.

मुंबईत हे सगळं एका बाईने एका दमात विचारलं. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ १९८५चा. फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हुसकावण्याची मोहीम जोरात होती आणि त्यांच्या हक्काचा ऑल्गा टेलिस खटला सर्वोच्च न्यायालयात होता. चित्रपटात एकीकडे पालिकेची माणसं झोपड्या मोडतात आणि दुसरीकडे शहर ‘स्वच्छ’ व्हायला हवं म्हणणारे अधिकारी व श्रीमंत लोक आरामात मतं देतात. पटवर्धन कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारतात, त्यांचा आवाज ऐकू येतो. हा सहभागी प्रकार: दिग्दर्शक तिथे आहे, बोलतो आहे, आणि समोरचा जे बोलतो ते त्याच्याशी बोलतो, हे लपवायचं नाही.

अशात एक बाई भडकते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही स्वतःचं नाव करणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा सूर आहे. कॅमेरा चालू राहतो. हे दृश्य कापून टाकलं असतं, तर कुणालाही पत्ता लागला नसता. ते ठेवल्यामुळे प्रेक्षकांचा आरामही मोडतो, कारण गरिबी बघायला आपणही तिकीट काढूनच बसलेले असतो.

सहभागी प्रकाराचं वेगळेपण इथे आहे. उलट प्रश्न फक्त याच प्रकारात सहज येऊ शकतो. अर्थात त्यालाही फार भोळेपणाने बघू नये. काय विचारायचं, किती वेळ ऐकायचं आणि उत्तर कुठे तोडायचं, हे सगळं दिग्दर्शकाच्याच हातात असतं. प्रश्न कापून नुसतं उत्तर ठेवलं, तर माणूस आपणहून बोलला असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला तिथवर नेलेलं असतं. बाईचा राग चित्रपटात ठेवण्याचा निर्णयही बाईचा नव्हता, आणि त्या रागामुळे दिग्दर्शकाची विश्वासार्हता वाढली हेही खरंच.

म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर चित्रपटाबाहेर शोधावं लागतं. १९८६मध्ये कफ परेडजवळचं संजय गांधी नगर पाडलं गेलं, तेव्हा रहिवाशांबरोबर उपोषणाला बसलेल्यांत शबाना आझमी होत्या आणि पटवर्धनही होते. त्यानंतर तिथल्या लोकांना गोरेगावच्या बाजूला पर्यायी जागा मिळाली. माहितीपट बनवणाऱ्याने उपोषण करावंच असा नियम कुणी करू शकत नाही. पण सहभागी प्रकाराने एकदा ‘मी इथे आहे’ म्हटलं, की चित्रण संपल्यावर कुठे आहेस, हे विचारायचा हक्क समोरच्याला मिळतो.

हे नातं किती लांब जाऊ शकतं, ते ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये दिसतं. ‘हमारा शहर’मध्ये शाहीर विलास घोगरे गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहाजणांचा जीव गेला, आणि काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पटवर्धन यांनी जे चित्रण सुरू केलं ते चौदा वर्षं चाललं. २०११मध्ये पूर्ण झालेला हा तीन तासांहून मोठा चित्रपट एका ओळखीच्या माणसाच्या मृत्यूचा पाठपुरावा करतो. गायक, वस्तीतले लोक, कबीर कला मंचाची तरुण मुलं यांच्याकडे दिग्दर्शक विषय म्हणून गेलेला नाही, ओळखीने गेला आहे, हे त्यांच्या बोलण्याच्या मोकळेपणात ऐकू येतं. त्याची दुसरी बाजू अशी, की जिव्हाळ्याच्या माणसांना अडचणीचे प्रश्न विचारणं अवघड जातं. या प्रकारचे चित्रपट घसरतात ते बहुतेक तिथेच.

तीन प्रकारांच्या भिंती पक्क्या नसतात. राहुल जैन यांचा २०१६चा ‘मशीन्स’ गुजरातमधल्या एका कापड कारखान्यात घडतो. रंगांच्या पिंपांमधून, वाफेतून, पेंगणाऱ्या पोराच्या मानेमागून कॅमेरा निवांत फिरतो. बराचसा निरीक्षणात्मक आणि दिसायला विलक्षण देखणा चित्रपट. अधूनमधून कामगार बोलतात. आणि मग कारखान्याबाहेर जमलेले कामगार दिग्दर्शकालाच धरतात: येणारे येतात, आमची अवस्था बघतात आणि निघून जातात, तुम्ही सांगा काय करायचं, आम्ही करतो. तीसेक वर्षांनी तोच प्रश्न, पण इथे तो जास्त बोचतो. इतका वेळ कॅमेरा जणू तिथे नव्हता असं आपण मानलेलं असतं, आणि कामगारांनी मात्र त्याला पहिल्या दिवसापासून पाहिलेलं असतं.

चित्रपटात असा प्रश्न आला नाही, तर तो बाहेर येतो. ‘रायटिंग विथ फायर’ हा ‘खबर लहरिया’च्या दलित पत्रकार महिलांवरचा माहितीपट ऑस्करच्या अंतिम यादीत गेला. मार्च २०२२मध्ये, सोहळ्याला काही दिवस उरले असताना, खुद्द ‘खबर लहरिया’ने निवेदन काढलं. चित्रपट प्रभावी आहे, पण जणू आम्ही एकाच राजकीय पक्षाच्या बातम्यांमागे आहोत असं जे चित्र त्यातून उभं राहतं, ते अचूक नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पत्रकारांनाही आपल्या गोष्टीचं संकलन दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं, हे कळलं. त्यांच्याकडे स्वतःचं माध्यम होतं, म्हणून त्यांचं म्हणणं जगापर्यंत गेलं. ब्रिजवॉटरच्या कोठडीतल्या माणसाकडे ते नव्हतं, आणि फिल्म्स डिव्हिजनच्या शेतकऱ्याकडेही नव्हतं.