पत्रात भांडण नको!

पहिली नोकरी सोडताना दोन पत्रं आठवणीनं मागा. रिलीव्हिंग लेटर म्हणजे राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला तुम्ही मोकळे झालात. एक्स्पिरियन्स लेटरमध्ये पद आणि कधीपासून कधीपर्यंत काम केलं, ते असतं. सगळं गोडीत झालं असेल, तर 'काम व वर्तणूक समाधानकारक' ही ओळही येते.

पण वाजलं असेल तर? समजा, नोटीस ६० दिवसांची होती आणि तुम्ही ४० दिवसांतच निघालात. एचआर म्हणतात, 'नोटीस न पाळता गेले' असं लिहू. अशा वेळी करारात सोय असेल, तर उरलेल्या २० दिवसांचा पगार फायनल हिशेबात कापून घ्यायला सांगा. तो वाद तिथेच मिटतो. पत्रात फक्त पद आणि तारखा राहू द्या. वर्तणुकीची ओळ नसली तरी चालेल, खोटं कौतुक मागू नका.

शेवटची तारीख मात्र ४०व्या दिवसाचीच हवी. नवी कंपनी ती पीएफच्या नोंदीशी ताडून बघू शकते. तिथे फरक दिसला, की शंका तुमच्यावरच!