धूर थांबला की पंप लागू पडतो

दमेकऱ्याच्या श्वासनळ्यांना आतून सूज असते. धाप लागत नसते तेव्हाही बहुधा ती पूर्ण गेलेली नसते. बिडी-सिगारेटचा धूर तिथे पोचला की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी फुगते आणि चिकट कफ उरलेली वाट अडवतो. त्या अरुंद वाटेतून हवा सुटताना छातीत घरघर होते.

मुलांच्या नळ्या मुळातच बारीक, आणि ती मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. त्यामुळे घरात कुणी ओढले की त्यांना त्रास लवकर होतो. गॅलरीत जाऊन ओढणे हा उपाय नव्हे. धूर दारातून आत येतो आणि कपड्यांना चिकटूनही येतो. मूल पहाटे खोकत उठत असेल, खेळताना मध्येच थांबून धापा टाकत असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवावे आणि घरातल्या धुराबद्दलही सांगावे.

स्कॉटलंडने 26 मार्च 2006 पासून बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपान बंद केले. तोवर दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण वर्षाला सुमारे 5 टक्क्यांनी वाढत होते. बंदीनंतर ते वर्षाला सुमारे 18 टक्क्यांनी घटू लागले, आणि शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांमध्येही ही घट दिसली. लोक आता घरीच जास्त ओढतील, ही भीती खरी ठरली नाही.

स्वतः ओढणाऱ्या दमेकऱ्याचे दुखणे दुहेरी असते. सूज उतरवण्यासाठी रोज घ्यायच्या पंपात स्टेरॉइड असते, पण धुरामुळे नळ्यांत वेगळ्या प्रकारची सूज वाढते आणि तिच्यावर ते नीट चालत नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी दमेकऱ्यांना दोन आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. न ओढणाऱ्यांना फरक पडला, ओढणाऱ्यांना जवळजवळ नाही. म्हणून ‘पंप घेऊनही उपयोग नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला डॉक्टर आधी सिगारेटचे विचारतात.

त्याच शहरात, सिगारेट सोडलेल्या काही दमेकऱ्यांची सहा आठवड्यांनी तपासणी झाली. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकता येणारी हवा, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे 400 मिलिलीटरने सुधारली होती. हा गट लहान होता, आणि वर्षानुवर्षांचे सगळे नुकसान भरून येतेच असे नाही. पण सुधारणा दिसायला वर्षे लागली नाहीत.

सुरुवातीचे काही आठवडे खोकला वाढू शकतो. त्याला घाबरून पुन्हा ओढू नये आणि बरे वाटले म्हणून पंपही आपल्या मनाने बंद करू नये. थिओफिलीनच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपावे. धुरामुळे शरीर हे औषध लवकर निकाली काढते. धूम्रपान थांबले की तोच डोस जास्त होऊन मळमळ, हातांना कंप, छातीत धडधड होऊ शकते. म्हणून सिगारेट सोडण्याचा दिवस ठरला की तो आधी डॉक्टरांना कळवावा.