हलत्या चित्रणात स्थिर पाऊल : कॅमेरा ट्रॅकिंगचे तंत्र

हातात मोबाइल धरून, चालत चालत अंगणाचे चित्रण केले आहे आणि त्या अंगणात संगणकावर तयार केलेले कासव चालताना दाखवायचे आहे, असे समजू. कॅमेरा डोलत असला तरी कासवाचे पाय फरशीवरच टेकलेले दिसायला हवेत. यासाठी कासव चित्रणावर चिकटवले जात नाही. चित्रण करताना खरा कॅमेरा कुठून कुठे गेला, कसा वळला, हे शोधून संगणकातला आभासी कॅमेरा त्याच मार्गाने फिरवला जातो. कासव आभासी जमिनीवर आपल्या जागी असते. दोन्ही कॅमेऱ्यांची चाल जुळली की ते खऱ्या फरशीवर असल्यासारखे दिसते.

कॅमेऱ्याची चाल चित्रणातूनच उलगडते. धावत्या गाडीतून जवळची झाडे झपाट्याने मागे पडतात आणि दूरचा डोंगर जवळजवळ जागीच राहतो, तोच नियम इथे लागू होतो. फुल एचडी चित्रणात मोबाइल 10 सेंटिमीटर बाजूला सरकला, तर 2 मीटरवरचा बिंदू पडद्यावर साधारण 75 पिक्सेल हलतो आणि 10 मीटरवरचा सुमारे 15 पिक्सेल. अशा अनेक बिंदूंच्या हालचालींतला फरक पाहून सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूचे अंतर आणि कॅमेऱ्याची जागा एकाच वेळी काढते. कॅमेरा तिपाईवर ठेवून नुसता वळवला, तर हा फरक मिळत नाही आणि अंतरही कळत नाही.

ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर 2011 मधल्या 2.61 या आवृत्तीपासून ही सोय आहे. ॲमस्टरडॅममध्ये चित्रित झालेल्या ‘टीअर्स ऑफ स्टील’ या 2012 च्या लघुपटात तिचा भरपूर वापर झाला. पहिले काम म्हणजे चित्रणातल्या ठळक खुणांवर मार्कर लावणे. मार्करच्या चौकोनातला नमुना पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेला, हे सॉफ्टवेअर आसपास शोधत जाते. कॅमेऱ्याची चाल काढण्यासाठी किमान आठ मार्कर एकाच वेळी टिकलेले लागतात. व्यवहारात वीस-तीस लावलेले बरे, आणि तेही जवळ, दूर, उंचावर असे विखुरलेले.

अंगणाच्या चित्रणात खरी अडचण फरशीचीच येते. सगळ्या फरश्यांचे कोपरे सारखे दिसत असल्याने मार्कर एकावरून शेजारच्या कोपऱ्यावर उडी मारतो. म्हणून फुटका टवका, डाग, भिंतीवरचा खिळा अशा एकमेवाद्वितीय खुणा निवडाव्या लागतात. हलती पाने, सावल्या आणि चकाकी टाळावी. जवळच्या खांबाची कड मागच्या खिडकीच्या कडेला छेदते तिथे कोपरा दिसतो, पण तसा बिंदू प्रत्यक्षात अस्तित्वातच नसतो.

मग लेन्सचे नाभीय अंतर आणि सेन्सरची रुंदी भरून Solve Camera Motion हे बटण दाबले जाते. उत्तराबरोबर सरासरी त्रुटी पिक्सेलमध्ये मिळते. ती अर्ध्या पिक्सेलच्या आत असणे चांगले. एकाच्या वर गेली तर वाईट मार्कर शोधावेत. पण निव्वळ आकड्यावर विसंबता येत नाही, कारण नकोसे मार्कर भराभर पुसले की आकडा घटतो आणि चाल मात्र चुकीचीच राहू शकते. खरी परीक्षा डोळ्यांनी होते. फरशीवर काही साधे शंकू ठेवून चित्रण चालवावे. शंकू जागेवरून घसरताना दिसला, तर उत्तर चुकले आहे.

चित्रणावरून वस्तूचे खरे माप कळत नाही. लहान अंगण जवळून आणि मोठे अंगण दुरून घेतले तर चित्र तेच येते. म्हणून एक फरशी आधीच मोजून ठेवावी. ती 60 सेंटिमीटरची असेल, तर तिच्या दोन टोकांच्या मार्करमधले अंतर तेवढे ठरवून देता येते. फरशीवरचे तीन मार्कर निवडले की जमिनीची पातळी मिळते. त्यानंतर कासव तिच्यावर ठेवता येते.

काही दोष चित्रण करतानाच टाळावे लागतात. झूम आणि डिजिटल स्थिरीकरण बंद ठेवावे, कारण त्यांनी चौकट बदलत जाते आणि लेन्सचे गणित बिघडते. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे झटक्यात फिरवल्यास उभ्या रेषा तिरक्या होतात. चाल संथ ठेवली की ही विकृती कमी होते आणि खुणाही पुसट होत नाहीत. लेन्समुळे सरळ रेषा वाकल्या असतील, तर तो बाक मोजून शेवटी कासवाच्या चित्रालाही द्यावा लागतो, नाहीतर चौकटीच्या कडेजवळ ते घसरते.

चाल अचूक जुळूनही कासव तरंगताना दिसले, तर बहुधा सावली कमी पडलेली असते. आभासी जमिनीला फक्त सावली झेलण्याचे काम देऊन ती सावली चित्रणावर मिसळली जाते. तिची दिशा, गडदपणा आणि कडेचा मऊपणा अंगणातल्या खऱ्या सावल्यांशी जुळवावा लागतो. पाय टेकतो तिथली सावली सर्वांत गडद हवी. हालचालीतला धूसरपणाही चित्रणाइतकाच दिला की कासव दृश्यात वेगळे उठून दिसत नाही.